डबा दुपारपर्यंत किती गरम राहतो?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे शौहर औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात कामाला आहेत. सकाळी साडेसात वाजता डबा घेऊन निघतात आणि एक वाजता जेवतात. गेल्या पावसाळ्यात नवा इन्सुलेटेड डबा घेतला. खोक्यावर 'सहा तास गरम' असे छापले होते. खिचडी किंवा दालचा-भात सकाळी वाफाळता भरला तरी दुपारी तो जेमतेम कोमट असतो. दोनदा जेवणानंतर त्यांना उलट्याही झाल्या. 'सर, डबा खराब निघाला, की आमचे काही चुकते, की छापलेलेच खोटे?' असे त्या विचारतात.

आपा, उलट्यांचे कारण डॉक्टरच सांगू शकतील, त्यावर आम्ही बोलणार नाही. डब्याचा हिशेब मात्र घरी बसून करता येतो. त्याला आठवीच्या विज्ञानाहून जास्त काही लागत नाही. तो केला की डबा किती वाजता कोणत्या तापमानाला असेल हे दोन-तीन अंशांच्या फरकाने आधीच सांगता येते.

बुडाशी बारीक भोक असलेला पाण्याचा माठ डोळ्यांपुढे आणा. माठ काठोकाठ असताना धार जोरात येते. पातळी उतरली की धार मंदावते आणि तळाशी येता येता नुसते थेंब पडतात. डब्यातल्या उष्णतेचेही असेच आहे. इथे पातळी म्हणजे अन्न बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश जास्त गरम आहे ते. खोलीत ३० अंश असतील आणि खिचडी ८० अंशांवर असेल, तर पातळी ५० अंशांची. आपण त्यांना 'वरचे अंश' म्हणू. माठाची रुंदी म्हणजे अन्नाचे वजन आणि त्यातले पाणी. रुंद माठाची पातळी सावकाश उतरते. भोक म्हणजे डब्याची भिंत आणि झाकण, ज्यांतून उष्णता बाहेर जाते. गरम वस्तू सभोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितकी ती झपाट्याने निवते, हे न्यूटनने १७०१ साली मांडले. आपला सगळा हिशेब त्या एका वाक्यावर उभा आहे.

त्यातून एक सोयीची गोष्ट निघते. वरचे अंश दर ठरावीक वेळाने ठरावीक हिश्श्याने घटतात. एखाद्या डब्यात दोन तासांनी वरच्या अंशांचे दोन-तृतीयांश उरत असतील, तर पुढच्या दोन तासांनी उरलेल्याचे दोन-तृतीयांश उरतील आणि त्यापुढेही तसेच. हा हिस्सा एकदा मोजला की पुढचे सगळे गुणाकाराने मिळते.

पत्रात वर्णन केले आहे तसाच एक डबा आमच्याकडे आहे. आत स्टील, बाहेर प्लास्टिक आणि मध्ये सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा पिवळसर फोम, ज्याला दुकानदार पफ म्हणतात. आतला व्यास १२ सेंटिमीटर आणि खोली ९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक लिटरचा डबा. आधी कागदावर पाहू. अशा फोमच्या एक मीटर जाडीच्या थरातून, एक चौरस मीटर जागेत, एका अंशाच्या फरकाला साधारण ०.०३ वॅट उष्णता जाते. आपला थर एक सेंटिमीटरचा, म्हणजे शंभरपट पातळ आहे, आणि डब्याचे सगळे अंग मिळून सुमारे ०.०६७ चौरस मीटर भरते. त्यावरून फोममधून दर अंशाला ०.२ वॅट गळती निघते. डब्याच्या बाहेर चिकटून असलेली हवाही थोडी अडवते. ती धरली की गळती दर अंशाला ०.१६ वॅटवर येते.

हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून असे पाहा: वरचे अंश ५० असताना डबा ८ वॅटने उष्णता सोडत असतो. रात्री जिन्यात लावायचा एक लहान एलईडी दिवा साधारण तेवढीच वीज घेतो. घरून निघालेला गरम डबा म्हणजे पिशवीत लावून ठेवलेला असा एक दिवा, आणि तो चालतो आतल्या खिचडीच्या साठ्यावर.

आता मोजमाप. अन्नाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्याची लांब स्टीलची सळई असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा थर्मामीटर स्वयंपाकघरात अजिबात आणू नका. डब्यात ९०० ग्रॅम गरम पाणी भरा आणि दहा मिनिटे झाकून ठेवा, म्हणजे आतले स्टील तापून घेईल. मग ढवळून तापमान लिहा, झाकण घट्ट लावा आणि दोन तास डब्याला हात लावू नका. उत्सुकतेने मधेमधे उघडून पाहिले की वाफ जाते आणि मोजमाप बिघडते. खोलीचे तापमानही लिहून ठेवा.

आमच्याकडे खोलीत ३० अंश होते. पाणी ८० वरून निघाले आणि दोन तासांनी ६३ अंशांवर होते. चार तासांनी ५२. वरचे अंश पाहा: ५०, मग ३३, मग २२. दर दोन तासांनी दोन-तृतीयांश. न्यूटन साहेबांचा शब्द आमच्या ओट्यावर खरा ठरला.

पण कागदावरचा हिशेब काय सांगत होता? ०.१६ वॅटच्या गळतीने दोन तासांनी पाणी ६७ अंशांवर असायला हवे होते. ते ६३ वर होते, म्हणजे खरी गळती दर अंशाला ०.२२ वॅटच्या जवळ आहे. वरचे ०.०६ कुठून गेले? फोम तर बाजूंनी सगळीकडे आहे. आम्ही हात लावून पाहिले. डब्याचे पोट हाताला थंड लागत होते, झाकण कोमट होते आणि झाकणाच्या कडेला जिथे स्टील वर येऊन प्लास्टिकला भिडते, तिथे स्पष्ट गरम होते. झाकणावर टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. आत फोम नव्हता, नुसती हवा होती. रबरी कडीखाली पाण्याचे थेंबही जमले होते, म्हणजे थोडी वाफ तिथून बाहेर येत होती. एकूण गळतीचा पाव हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्त, झाकणातून जात होता. डबा विकत घेताना सगळे पोटाची जाडी पाहतात. आम्ही म्हणू, आधी झाकणावर टिचकी मारा.

आता पाण्यावरून खिचडीकडे येऊ. खोक्यावरचा आकडा आणि आपला अनुभव यांत जो फरक पडतो, त्याचे मोठे कारण इथे आहे. कंपनी डबा तपासते तेव्हा तो सहसा उकळत्या पाण्याने काठोकाठ भरलेला असतो. आपण भरतो ६०० ग्रॅम खिचडी.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवते तेव्हा सुमारे ४.२ ज्यूल उष्णता सोडते. खिचडीत पाणी बरेच असले तरी ती निव्वळ पाणी नसते, म्हणून तिच्याकडून सुमारे ३.४ ज्यूलच मिळतात. आतल्या स्टीलचे वजन आमच्या डब्यात सुमारे २०० ग्रॅम आहे. स्टील या बाबतीत फार गरीब आहे, ग्रॅमला जेमतेम अर्धा ज्यूल. म्हणजे ९०० ग्रॅम पाणी आणि स्टील मिळून एका अंशाला सुमारे ३,८६० ज्यूल, तर ६०० ग्रॅम खिचडी आणि स्टील मिळून सुमारे २,१४०. माठ जवळजवळ निम्म्याने अरुंद झाला आणि भोक तेवढेच राहिले. पाण्याला जे घडायला १२० मिनिटे लागली, ते खिचडीला सुमारे ६७ मिनिटांत घडते.

सुरुवात कुठून होते तेही पाहावे लागेल. कुकरमधून काढलेली खिचडी डब्यात पडताना ८५ अंशांवर असेल आणि डबा थंड असेल, तर स्टीलला तापवण्यात तिचे तीनेक अंश जातात. साडेसातला झाकण लागले तेव्हा ८२ धरू. बाहेर ३० अंश. वरचे अंश ५२.

दर ६७ मिनिटांनी दोन-तृतीयांश करत जाऊ. ८ वाजून ३७ मिनिटांनी वरचे अंश ३५ उरतात आणि खिचडी ६५ अंशांवर असते. पावणेदहाला ती ५३ वर येते, १० वाजून ५१ मिनिटांनी ४५ वर, बाराला ४० वर आणि एक वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे जेवायला बसताना, ३७ वर. आपल्या शरीराचेही तापमान तेवढेच असते. बोट घातले तर गरम नाही आणि गारही नाही, असे लागते. पत्रात 'जेमतेम कोमट' हा शब्द आहे तो या ३७ अंशांचाच. आपा, तुमचा डबा बहुधा खराब नाही. अशा बांधणीचा डबा एवढ्या खिचडीला एवढेच करू शकतो.

आता उलट्यांच्या गोष्टीशी लागून असलेला भाग, जो आम्हाला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे आणि नेहमीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या हिशेबात खिचडी ६० च्या खाली केव्हा गेली? वरचे अंश ५२ वरून ३० व्हायला सुमारे दीड तास लागतो, म्हणजे नऊ वाजता. नऊपासून एकपर्यंत चार तास ती ६० ते ३७ अंशांच्या पट्ट्यात राहिली, आणि त्यातले शेवटचे दोन तास ४५ आणि ३७ च्या दरम्यान, जिथे जंतूंची वाढ जोरात होते.

भाताच्या बाबतीत हे जास्त जपावे लागते. तांदळात बॅसिलस सेरेस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू शिजवण्याला दाद देत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही असे विष तयार करतात की ज्याने खाल्ल्यावर थोड्याच तासांत उलट्या होतात. हे विष उकळूनही जात नाही. म्हणून दुपारी कँटीनमध्ये डबा गरम करून घेतला की झाले, हा समज भाताला लागू पडत नाही. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही. बघून किंवा हुंगून कळत नाही, घड्याळ आणि तापमान यांवरूनच कळते.

एक शंका कोणीही घेईल, की साध्या स्टीलच्या डब्यातही हेच होते ना? होते, आणि लवकर होते. साध्या डब्यातून गळती तिपटीच्या आसपास असते आणि खिचडी दीड तासात ४० च्या जवळ येते. फरक एवढाच, की तो डबा उघडताना आपण गार अन्नाचीच अपेक्षा ठेवतो. इन्सुलेटेड डब्यातले कोमट अन्न मात्र 'गरम ठेवलेले' समजून निर्धास्तपणे खाल्ले जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे रात्रीचा भात सकाळी अर्धवट गरम करून, ५० अंशांवर, या डब्यात भरणे. तो ६० च्या वर कधी जातच नाही आणि पहिल्या मिनिटापासून जंतूंच्या सोयीच्या ऊबेत राहतो. या डब्यात उष्णता तयार होत नाही, ती फक्त सावकाश जाते.

मग काय करता येईल? सकाळी घाईत सर्वांत मोठे नुकसान कुठे होते ते आधी पाहा. पुष्कळ घरांत खिचडी डब्यात भरून झाकण उघडे ठेवतात, 'जरा वाफ जाऊ दे, नाहीतर पाणी सुटेल' म्हणून. पाण्याची वाफ होताना एका ग्रॅमला जवळजवळ २,३०० ज्यूल लागतात आणि ते खिचडीतूनच घेतले जातात. फक्त १० ग्रॅम वाफ, म्हणजे दोन चहाचे चमचे पाणी, उडून गेले की ६०० ग्रॅम खिचडी ११ अंशांनी उतरते. पटत नसेल तर उघडा डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा ग्रॅमाग्रॅमाने घटताना पाहा. भिंतीतून ११ अंश जायला पाऊण तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. उघड्या तोंडातून ते काही मिनिटांत जातात. भरताक्षणी झाकण लावा. वरून सुटणाऱ्या पाण्याची चिंता असेल तर खिचडी थोडी घट्ट करा.

दुसरे, डबा आधी तापवून घ्या. उकळते पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटे ठेवा आणि भरण्याच्या क्षणी ओता. स्टीलला जाणारे तीन अंश वाचतात. तिसरे, डबा भरलेला असू द्या. लिटरच्या डब्यात ९०० ग्रॅम खिचडी, तापवलेल्या डब्यात ८८ अंशांनी भरली, तर तीच दोन-तृतीयांशची पायरी ६७ ऐवजी ९८ मिनिटांची होते. ६० अंशांची रेषा नऊऐवजी दहा वाजून दहा मिनिटांनी ओलांडली जाते. एका माणसाला ९०० ग्रॅम खिचडी कोण देणार, हा प्रश्न आहेच. म्हणून आम्ही म्हणतो, जेवढे जेवण तेवढाच डबा घ्या. सेलमध्ये मोठा डबा स्वस्त मिळतो म्हणून तो निम्मा भरून पाठवू नका.

डबा टॉवेलात गुंडाळल्याने किती फरक पडतो, हेही आम्ही पाहिले. झाकणासकट जाड टॉवेल गुंडाळला तेव्हा दोन तासांनी पाणी ६३ ऐवजी ६६ वर होते. हिस्सा ०.६७ वरून ०.७२ झाला. ऐकायला बरे वाटते. पण तो ६०० ग्रॅम खिचडीला लावला तर एक वाजता ३७ ऐवजी ४० अंश मिळतात. चवीला थोडे बरे, सुरक्षिततेच्या हिशेबात काही नाही. साडेपाच तास ६० च्या वर राहणे एक सेंटिमीटर फोमच्या आवाक्यातले नाही.

ते ज्याच्या आवाक्यात आहे तो म्हणजे निर्वात डबा, दोन स्टीलच्या भिंतींमधली हवा काढून घेतलेला. ही युक्ती जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली लंडनमध्ये केली, तीही अन्नासाठी नव्हे, अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. उष्णता बाहेर जाऊ न देणारी भिंत तिला आतही येऊ देत नाही. अशा अर्ध्या लिटरच्या रुंद तोंडाच्या डब्यात आम्ही तीच चाचणी केली. ८० अंशांचे पाणी दोन तासांनी ७२ वर होते. ५० पैकी ४२ अंश उरले, म्हणजे हिस्सा ०.८४. गळती दर अंशाला सुमारे ०.०५५ वॅट, फोमच्या डब्याच्या पाव. आणि इथे जी गळती उरते ती बहुतेक झाकणातून आणि गळ्यातूनच.

त्यात ५०० ग्रॅम खिचडी ८८ अंशांनी, डबा तापवून, काठोकाठ भरली तर ०.८४ ची एक पायरी ९९ मिनिटांची पडते. नऊच्या सुमारास ७९, पावणेअकराला ७१, साडेबाराला ६४ आणि एकला ६२ अंश. जमले, पण जेमतेम. तोच डबा निम्मा, २५० ग्रॅम भरला तर पायरी ५४ मिनिटांची होते, पावणेअकरानंतर लगेच ६० ची रेषा ओलांडली जाते आणि एकला ५० अंश उरतात. महाग डबा घेऊन निम्मा भरला तर खर्च वाया गेला.

या हिशेबाची एक मर्यादा सांगायला हवी. आपण धरून चाललो की डब्यातल्या सगळ्या अन्नाचे तापमान एकच आहे. पाणी किंवा पातळ दालचा आतल्या आत फिरत राहतो, म्हणून तिथे हे बऱ्यापैकी खरे आहे. घट्ट खिचडी फिरत नाही. तिची कड आणि वरचा थर आधी निवतो आणि मध्यभाग गरम राहतो. फोमच्या डब्यात कड मध्यापेक्षा काही अंशांनी थंड असते. त्यामुळे थर्मामीटर मध्यभागी खुपसून खूश होऊ नका, भिंतीलगतही पाहा. जंतू सरासरीवर वाढत नाहीत, कडेला थंडावलेल्या जागी आधी वाढतात. मौज अशी, की वेष्टन जितके चांगले तितके हे 'एकच तापमान' धरणे खरे ठरते, कारण भिंतीतून उष्णता इतकी सावकाश जाते की आतल्या अन्नाला आपसात वाटून घ्यायला वेळ मिळतो. साध्या स्टीलच्या डब्याला हा हिशेब लावला तर तो जास्त चुकेल.

खोलीऐवजी बाहेरचे तापमान बदलले तर तेही धरा. मेमध्ये गोदामात ३८ अंश असतील तर वरचे अंश त्या ३८ पासून मोजायचे. अन्न थोडे सावकाश निवते, पण ३८ च्या खाली कधीच जात नाही आणि ती ऊब जंतूंना आणखी सोयीची असते. थंडीत सकाळी बाहेर १५ अंश असतील तर डबा लवकर निवतो. म्हणून स्वतःच्या डब्याची चाचणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळी करायची गरज नाही. हिस्सा तोच राहतो, फक्त पाया बदलतो.

तर आपा, तुमच्या घरासाठी आमचे म्हणणे असे. फोमचा डबा टाकू नका. ज्यांची शिफ्ट जवळ आहे, जे दीड तासाच्या आत जेवतात, त्यांना तो पुरतो. एक वाजताच्या जेवणासाठी खिचडी, दालचा-भात, पुलाव पाठवायचा असेल तर जेवणाच्या मापाचा निर्वात डबा घ्या, तापवून घ्या आणि काठोकाठ भरा. ते जमत नसेल तर भात दुपारसाठी ठेवूच नका. चपाती किंवा भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचे द्या आणि भात रात्री घरी गरमागरम होऊ द्या. चपात्या मात्र गरम डब्यात कोंबू नका. त्यांची वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत त्यांच्यावरच पडते. सुती कपड्यात गुंडाळून साध्या डब्यात दिल्या तर मऊ राहतात.

काही घरांत रमजानमध्ये तरावीहनंतर रात्री साडेदहाला भात करून हॉटकेसमध्ये ठेवतात आणि पहाटे साडेचारला सेहरीत उघडतात. ते सहा तास होतात. निर्वात डबा पूर्ण भरलेला असला तर आमच्या हिशेबाने तो ६१ अंशांवर असतो, म्हणजे रेषेच्या अगदी काठावर. फोमच्या हॉटकेसमध्ये तो मध्यरात्रीनंतर लवकरच रेषेखाली गेलेला असतो. त्यापेक्षा भात परातीत पातळ पसरून लवकर निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि सेहरीला वाफ येईपर्यंत गरम करावा.